एका दाबात दोन क्लिक

फाइल निवडण्यासाठी माउसचं बटण एकदा दाबलं, तर ती थेट उघडते. ओढत नेलेलं फोल्डर मध्येच सुटून भलत्याच जागी पडतं. पहिला संशय व्हायरसवर जातो, पण दोष बहुधा बटणाखालच्या मायक्रोस्विचमध्ये असतो.

नखाएवढ्या या डबीत ताणलेली पातळ धातूची पत्ती असते. बटण दाबलं की ती टक् करून उडी मारते आणि समोरच्या संपर्कबिंदूवर आदळते. आदळल्यावर ती क्षणभर थरथरते, त्यामुळे जोडणी अनेकदा लागते-तुटते. हे नव्या स्विचमध्येही घडतं, म्हणून माउसमधली चिप पहिल्या संकेतानंतर काही मिलिसेकंद येणारी थरथर मोजतच नाही. वापराने पत्तीचा ताण कमी होतो, संपर्कबिंदू झिजतो, त्यावर काळपट थर बसतो. मग थरथर लांबते आणि चिपला ती दुसरी क्लिक वाटते. दाबून धरल्यावरही संपर्क तुटू लागला, की ओढलेली वस्तू सुटते.

एक कोटी दाबांचं आयुष्य सांगितलेला स्विच रोज पाच हजार दाबांच्या हिशेबाने साडेपाच वर्षं चालायला हवा. पण तो आकडा चाचणीतला आहे. दमट हवेत, धुळीत त्याआधीही कुरकुर सुरू होते.

खात्री करणं सोपं आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या बटणांची कामं अदलाबदल करा. आता उजवं बटण नीट एक क्लिक देत असेल आणि त्रास डाव्या बटणाबरोबरच राहिला असेल, तर स्विच गेला. डबल-क्लिकच्या वेगाची पट्टी सरकवून उपयोग होत नाही. तिथली मर्यादा शेकडो मिलिसेकंदांची असते, तर खोट्या क्लिक त्याहून कितीतरी जवळजवळ येतात.

दुरुस्तीआधी वॉरंटी पाहा, कारण माउस उघडला की ती बहुधा जाते. स्क्रू अनेकदा तळाच्या घसरपट्ट्यांखाली लपलेले असतात. स्विचच्या तीन पिना एकाच वेळी सुटाव्या लागतात. त्यासाठी जुन्या डागावर थोडं नवं सोल्डर वितळवून मग सगळं शोषून घेतात. घाईत ओढलं तर सर्किटवरची तांब्याची रेघ उखडते. स्पिरिट किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर सोडल्याने कधी काही दिवस आराम पडतो, पण झिजलेली पत्ती त्याने ताजी होत नाही.

स्विच स्वस्त मिळतो. खरा खर्च मजुरीचा. तीन-चारशेच्या माउससाठी दुकानात दीडशे-दोनशे मोजण्यात अर्थ नाही, नवाच घ्यावा. दोन-तीन हजारांचा, हाताला बसलेला माउस असेल किंवा घरात सोल्डरिंगचं साहित्य आणि सराव असेल, तर स्विच जरूर बदलावा. मात्र चाक, सेन्सर आणि वायर शाबूत आहेत का, ते आधी पाहावं. दोन्ही बटणांचे स्विच एकदमच बदलले, तर दाबाचा फरकही जाणवत नाही.