साडेनवाच्या मीटिंगसाठी कधी निघायचं?

सकाळी ७.५०. चहा घेता घेता कालची नोंद बघतो. कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकातून बायपासने. घराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंतची मिनिटं, आणि शेजारी निघाल्याची वेळ. हा दुसरा रकाना नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही.

८.०५. फोन वाजतो. निघायचं सव्वाआठला असतं. ही आधीची दहा मिनिटं बूट, डबा आणि चावी शोधण्याची. आठवण ऐन निघायच्या क्षणी वाजली तर ती उशिराच वाजली.

९.०२. भूमकर चौकात गाड्या तुंबलेल्या, पण पुढे सरकताहेत. ९.०८ला पार्किंग. कार्ड, लिफ्ट, जागेवर पोहोचणं यांना दहा मिनिटं लागतात, म्हणून साडेनवाच्या मीटिंगसाठी माझा हिशोब ९.२०ला पार्किंग असा असतो.

दुपारी १.१५. जेवताना शेजारच्या टीममधला मित्र विचारतो, "अरे, माझी सरासरी पन्नास मिनिटं येते. साडेआठला निघतो, तरी उशीर का होतो?"

कारण सरासरीच्या वर जाणारे दिवसही पुष्कळ असतात, आणि त्या सगळ्या दिवशी तो उशिरा पोहोचणार. मी दहापैकी नऊ दिवस पुरतील अशी मिनिटं धरतो; शीटमध्ये त्यासाठी `PERCENTILE` आहे, आकडा ०.९. शिवाय सगळ्या फेऱ्या एकत्र करायच्या नाहीत, निघण्याच्या पाव-पाव तासाचे गट पाडायचे. माझ्या नोंदींत सव्वाआठच्या गटाला एरवी ४५ मिनिटं लागतात, वाईट दिवशी ५५. म्हणजे वाईट दिवशीही ९.१०. साडेआठच्या गटाला एरवी ५०, वाईट दिवशी ६५, म्हणजे ९.३५, मीटिंग सुरू झालेली. घरून पंधरा मिनिटं उशीर केला की वाईट दिवशी तिथे पंचवीस मिनिटांचा होतो, कारण तेवढ्या वेळात रस्ता भरत जातो. मित्राने शीट उघडून तिथेच गट पाडायला घेतले. मला मनापासून बरं वाटलं.

संध्याकाळी ६.१०. परतीचा रकाना वेगळा. सकाळच्या आकड्यावरून संध्याकाळ काढता येत नाही.

रात्री ९.३०. आजची ५३ मिनिटं लिहितो आणि मे महिन्यातल्या नोंदी हिशोबातून काढून टाकतो. सुट्टीत रस्ते मोकळे होते. जूनमध्ये शाळा उघडल्या, स्कूलबस आल्या, पाऊस आला. त्या जुन्या नोंदी राहिल्या तर फोनची आठवण उशिरा लागेल. म्हणून गेल्या पाच-सहा आठवड्यांचंच धरतो. अपघात किंवा पाणी तुंबणं मात्र कुठल्याच सवयीच्या आकड्यात बसत नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी नकाशावरचा आजचा रस्ता बघावाच लागतो. उद्या जोराचा पाऊस सांगितलाय. आठवण ७.४५ला लावली.