आर्गन द्रव होतो तो कशाच्या बळावर?

स्टेनलेस स्टीलची वेल्डिंग चालू असते तेव्हा सांध्यावर आर्गन वायूची धार सोडलेली असते. तापून लाल झालेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागू नये, एवढेच त्या वायूचे काम. आर्गन त्यासाठी योग्य, कारण तो धातूशी किंवा इतर कशाशी संयोग करत नाही. त्याच्या अणूचे बाहेरचे कवच आठ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असते. त्याला कुणाला इलेक्ट्रॉन द्यायचा नसतो, कुणाकडून घ्यायचा नसतो, कुणाशी वाटूनही घ्यायचा नसतो. म्हणूनच हेलिअम, निऑन, आर्गन, क्रिप्टॉन, झेनॉन या कुटुंबाला आपण निष्क्रिय वायू म्हणतो.

हाच आर्गन मोठ्या कारखान्यांना टँकरमधून पुरवला जातो, तो मात्र द्रवरूपात. हवा अतिशय थंड करून तिचा द्रव बनवतात आणि ऊर्ध्वपातनाने तिचे घटक वेगळे करतात. नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, आर्गन उणे १८६ला आणि ऑक्सिजन उणे १८३ला. द्रव आर्गन पाण्यासारखाच ओतता येतो. आणखी तीन-चार अंश थंड केला तर त्याचे स्फटिक होतात. ज्या अणूंना एकमेकांशी काहीच कर्तव्य नाही, ते इतके जवळ येऊन राहतात कशाच्या बळावर?

प्रश्न जुना आहे. १८७३ साली योहानेस व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने वायूंचे वर्तन अभ्यासून दाखवले, की सर्वच वायूंच्या रेणूंमध्ये थोडे तरी आकर्षण असले पाहिजे. ते येते कुठून, हे पुढची पन्नासएक वर्षे नीट सांगता आले नाही. काही रेणूंची एक बाजू कायमची किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. अशा द्विध्रुवी रेणूंमधल्या आकर्षणाचा हिशेब विलेम केसोम आणि पीटर डिबाय यांनी मांडला. पण आर्गनचा अणू सर्व बाजूंनी सारखा, गोल. त्याला ना धन बाजू ना ऋण. तिथे हे दोन्ही हिशेब शून्यावर येतात, आणि तरीही आर्गन द्रव होतो.

उत्तर आले ते पुंजयामिकीतून. १९३० मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी, सुरुवातीला रॉबर्ट आयझेनशिट्झ यांच्यासोबत, हे आकर्षण गणिताने मांडले. त्यांचे म्हणणे असे: अणू गोल दिसतो तो सरासरीने. त्यातले इलेक्ट्रॉन कधीच थांबलेले नसतात, निरपेक्ष शून्य तापमानालाही नाहीत. एखाद्या क्षणी इलेक्ट्रॉनांचा ढग एका बाजूला थोडा जास्त असतो, पुढच्या क्षणी दुसऱ्या बाजूला. त्या क्षणापुरता अणू द्विध्रुवी असतो आणि शेजारच्या अणूच्या ढगाला ढकलतो किंवा ओढतो. एकाच तुळईला शेजारीशेजारी टांगलेले दोन झोपाळे जसे एकमेकांच्या हेलकाव्याची दखल घेऊ लागतात, तसे हे दोन ढग परस्परांची चाल धरतात. इकडे ढग डावीकडे सरकला की तिकडचाही डावीकडे सरकण्याकडे कल होतो, आणि एकाची उघडी पडलेली धन बाजू दुसऱ्याच्या ऋण बाजूसमोर येते. लंडन यांनी दाखवले, की असे जुळून हलणाऱ्या दोन अणूंची एकूण ऊर्जा स्वतंत्र हलणाऱ्या अणूंपेक्षा किंचित कमी असते. ही किंचित कमी झालेली ऊर्जा म्हणजेच आकर्षण. शाळा-कॉलेजात हे ‘क्षणिक द्विध्रुव’ म्हणून शिकवतात. ते चूक नाही, पण अणू अधूनमधून ध्रुवीय होतो आणि मग ओढतो, असा समज त्यातून होऊ शकतो. खरे तर हे जुळून हलणे अखंड चालू असते.

हे बल किती मोठे? आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक मोजपट्टी ठरवू. २७ अंश सेल्सिअसला उष्णतेमुळे अणूंना जी धावपळीची ऊर्जा मिळते, तिला १०० मानू. या पट्टीवर आर्गनच्या दोन अणूंची पकड भरते सुमारे ४८. खोलीच्या तापमानाला धावपळ १०० आणि पकड ४८, म्हणून जोडी टिकत नाही. शिवाय हे आकर्षण अंतराच्या सहाव्या घाताने घटते. अंतर दुप्पट केले की पकड चौसष्टावा हिस्सा उरते. दोन आर्गन अणूंना सर्वांत सोयीचे अंतर ३.८ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे मीटरच्या हजार कोटीव्या भागाच्या ३.८ पट. त्याहून जवळ आणले तर ढग एकमेकांत शिरू लागतात आणि जोरदार प्रतिकर्षण सुरू होते. नेहमीच्या दाबाच्या वायूत मात्र हेच अणू सरासरी या अंतराच्या नऊपट दूर असतात. नऊचा सहावा घात पाच लाखांहून मोठा आहे. तेवढ्या अंतरावर पकड असून नसल्यासारखीच.

आता आर्गन थंड करू. उणे १८६ अंशाला आपल्या पट्टीवरची धावपळ १००वरून २९वर येते. आता ४८ची पकड भारी पडू लागते. अणू जवळ आले की आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. हे बल कुणा एका शेजाऱ्यासाठी राखून ठेवलेले नसते. सहसंयुज बंधात अणूची क्षमता एक-दोन जोडीदारांत संपते. लंडन बल मात्र भोवतीच्या प्रत्येकावर चालते. आर्गनच्या स्फटिकात प्रत्येक अणूला अगदी लगतचे बारा शेजारी असतात. प्रत्येक पकड दोघांच्या वाट्याची, म्हणून एका अणूमागे सहा पकडी धरायच्या. सहा गुणिले ४८ म्हणजे २८८. प्रत्यक्ष मोजलेला आकडा सुमारे ३१० आहे. लगतच्या पलीकडचे अणूही थोडेथोडे ओढतात, त्यामुळे तो वाढतो, आणि इलेक्ट्रॉनांप्रमाणेच कधीही पूर्ण न थांबणाऱ्या खुद्द अणूंच्या थरथरीमुळे थोडा घटतो. बोटांवर मोजता येईल अशा बेरजेतून घन आर्गनची बांधणी इतकी जवळ सापडावी, हे मला आजही विलक्षण वाटते.

या थरथरीचा परिणाम हेलिअममध्ये टोकाला जातो. हेलिअमचे दोनच इलेक्ट्रॉन केंद्रकाला घट्ट चिकटलेले असतात, त्यामुळे त्याचा ढग ताठर असतो आणि सहज सरकत नाही. आपल्या पट्टीवर दोन हेलिअम अणूंची पकड चारही भरत नाही. म्हणून त्याला द्रव करणे फार कठीण गेले. १० जुलै १९०८ रोजी नेदरलँड्समधल्या लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांना ते जमले, उणे २६९ अंशांच्या आसपास. घन हेलिअम तर नुसत्या थंडीने मिळतच नाही. अणू हलका आणि पकड दुबळी, त्यामुळे शून्याच्या जवळही थरथर जिंकते. सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो. तो देऊन १९२६ मध्ये लायडनमध्येच हेलिअम गोठवला गेला, आणि गोठवणारे होते वर उल्लेख आलेले केसोम.

कुटुंबात खाली यावे तसा ढग मोठा आणि सैल होत जातो. आर्गनचा ढग हेलिअमपेक्षा आठपट सहज सरकतो, झेनॉनचा जवळजवळ वीसपट. हे अंदाज नव्हेत. वायूतून जाताना प्रकाश किती वळतो, यावरून ही सैलता मोजता येते. झेनॉनच्या जोडीची पकड ९४पर्यंत पोचते आणि तो उणे १०८ अंशालाच द्रव होतो.

अणू जड म्हणून पकड जास्त, असे बरेचदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. हेक्सेन हा पेट्रोलमध्ये असणारा द्रव ६९ अंशांना उकळतो. त्यातल्या सर्व हायड्रोजनांच्या जागी फ्लोरीन घातला तर रेणू जवळजवळ चौपट जड होतो, इलेक्ट्रॉनही कितीतरी वाढतात, पण तो उकळतो ५७ अंशांच्या आसपास, म्हणजे आधीच! फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन इतके आवळून धरतो की ढग सरकायला तयार नसतो. वजन आणि सैलता बहुतेक वेळा बरोबरीने वाढतात, म्हणून गैरसमज टिकून राहतो.

आता आयोडीन. त्याचा रेणू दोन सारख्या अणूंचा, म्हणजे अध्रुवीय. त्याच्या गटात फ्लोरीन उणे १८८ला उकळतो, क्लोरीन उणे ३४ला, ब्रोमीन ५९ला आणि आयोडीन १८४ला. चौघेही अध्रुवीय, पण ढग उतरत्या क्रमाने मोठा आणि सैल. म्हणून पहिले दोन वायू, तिसरा द्रव आणि चौथा काळपट चकाकणारा घन. आपल्या पट्टीवर घन आयोडीनमधून एक रेणू सोडवायला सुमारे २५०० लागतात. रेणूच्या आतला, दोन आयोडीन अणूंमधला बंध तोडायला लागतात ६०००. शाळेच्या प्रयोगात बशीतल्या स्फटिकांतून जांभळी वाफ उठते तेव्हा रेणूंमधली पकड सुटलेली असते, रेणू मात्र अखंड असतात. वाफ गार काचेला लागताच तीच पकड पुन्हा बसते आणि स्फटिक दिसू लागतात.

या प्रयोगामुळे आयोडीन वितळतच नाही, अशी समजूत पक्की झाली आहे. ते वितळते, ११४ अंशांना. द्रवणांकाला त्याच्या वाफेचा दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरएवढा असतो. हवेचा दाब ७६०, म्हणजे द्रव राहायला काहीच आडकाठी नाही. बशी उघडी असते आणि आच मंद असते, म्हणून वितळण्याआधीच वाफ निघून जाते, इतकेच. बंद परीक्षानळीत तापवले तर काळपट द्रव स्पष्ट दिसतो. (ही वाफ डोळ्यांना आणि फुफ्फुसांना बाधते, घरी करू नये.) कार्बन डायऑक्साइडच्या ‘सुक्या बर्फा’चे तसे नाही. त्याला द्रव व्हायला पाच वातावरणांहून अधिक दाब लागतो, त्यामुळे उघड्यावर तो खरोखरच वितळत नाही.

आयोडीन पाठ्यपुस्तकांत लंडन बलाचे आदर्श उदाहरण म्हणून येते. इथे मात्र थोडे थांबायला हवे. क्ष-किरणांनी त्याच्या स्फटिकाची रचना पाहिली, तर रेणू थरांत रचलेले दिसतात. एका थरातून दुसऱ्या थरात शेजारच्या अणूपर्यंतचे अंतर निव्वळ लंडन बलाला साजेसे, चार अँगस्ट्रॉमहून जास्त आहे. पण एकाच थरातल्या शेजारी रेणूंच्या अणूंमध्ये अंतर फक्त ३.५ अँगस्ट्रॉम आहे. आवर्तसारणीत आयोडीनला लागून असलेल्या झेनॉनच्या स्फटिकात ते ४.३च्या वर असते. म्हणजे थराच्या आत आयोडीनचे रेणू नुसते तालात हलत नाहीत, इलेक्ट्रॉनांची थोडी वाटणीही करतात. स्फटिकाची धातूसारखी चकाकी त्यातूनच येते. ११४ आणि १८४ या आकड्यांचा मोठा भाग लंडन बलाचा असला, तरी या वाटणीचा हिस्साही त्यात मिसळलेला आहे. हे बल निर्भेळ पाहायचे असेल तर झेनॉनकडे किंवा आर्गनकडेच जावे लागते.