आधी वापर मोजा, मग किंमत ठरवा

छोटे अ‍ॅप किंवा ब्राउझरमध्ये चालणारे एखादे साधन तयार करणाऱ्यापुढे कमाईचे तीन रस्ते असतात: जाहिराती लावणे, एकदाच पैसे घेऊन विकणे किंवा दरमहा-दरवर्षी वर्गणी घेणे. साधारणपणे ही निवड सर्वांत शेवटी, काम पूर्ण झाल्यावर होते आणि शेजारच्या अ‍ॅपने जे केले ते पाहून होते. पण यांपैकी कोणता रस्ता चालेल हे साधनाच्या स्वभावातच ठरून गेलेले असते. माणूस ते किती वेळा उघडतो, त्याचे काम कधी संपते आणि ते चालू ठेवायला निर्मात्याला दरमहा खर्च येतो का, या तीन गोष्टी पाहिल्या की निवडीला फारशी जागा उरत नाही. म्हणून कमाईचा विचार पहिली ओळ लिहिण्याआधी व्हायला हवा. कारण काय बांधायचे, हेही त्यावरच अवलंबून आहे.

याचा चांगला पुरावा म्हणजे आयफोनवर पॉडकास्ट ऐकण्याचे ‘ओव्हरकास्ट’ हे अ‍ॅप. मार्को आर्मेंट या एकाच माणसाने ते बनवले आणि तिन्ही प्रकार त्यावर करून पाहिले. 2014 मध्ये अ‍ॅप फुकट होते, पण चांगल्या सोयी कुलूपबंद, 4.99 डॉलर एकदा भरले की त्या उघडत. यातली अडचण त्याने स्वतःच मांडली. बहुसंख्य लोक पैसे भरत नाहीत, म्हणजे बहुसंख्य लोक आपल्या अ‍ॅपचे दुय्यम रूप वापरतात आणि त्यावरूनच आपली पारख करतात. 2015 मध्ये त्याने सगळे खुले केले आणि इच्छा असेल त्याने आर्थिक आधार द्यावा, असे म्हटले. 2016 मध्ये जाहिराती आल्या. नको असतील तर वर्षाला 9.99 डॉलर. पुढच्या वर्षी त्याने गूगलच्या जाहिराती काढून पॉडकास्टच्याच जाहिराती स्वतः विकायला सुरुवात केली, आणि मग गाडी रुळावर आली. अ‍ॅप रोज उघडले जाते, उघडणारा नवे काही ऐकायच्या शोधात असतो आणि ते विकू पाहणाऱ्यालाही नेमका तोच माणूस हवा असतो. जाहिरात तिथे टिकली ती या जुळणीमुळे. तीच जाहिरात महिन्यातून एकदा उघडायच्या साधनावर लावली असती, तर ती टिकली नसती.

आता मराठीतले एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे प्रकाशक, छापखाने, साप्ताहिके आणि संस्थांकडे कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर ढिगाने पडून आहे. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर हे इंग्रजी कळीच्या जागी बसवलेले नुसते चित्र असते. त्यामुळे फॉन्ट बदलला की मजकुराचे कडबोळे होते. कृतिदेवात `fd` असे टाइप केले की ‘कि’ दिसते. म्हणजे वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये मात्र आधी ‘क’, मग वेलांटी. रफाराचे उलटे आहे: `deZ` म्हणजे ‘कर्म’, तिथे रफार ‘म’च्या नंतर टाइप होतो आणि युनिकोडमध्ये तो ‘म’च्या आधी न्यावा लागतो. अक्षरांची बदलयादी आणि अशी जागांची अदलाबदल करणारे काही नियम लिहिले की रूपांतराचे साधन तयार होते. ब्राउझरच्या पानात जावास्क्रिप्टने हे सगळे होते; मजकूर कुठल्याही सर्व्हरवर पाठवावा लागत नाही. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून बघावे. रूपांतर तरीही होत असेल, तर ते खरोखर वापरणाऱ्याच्या संगणकावरच होते आहे.

या साधनावर जाहिराती लावल्या तर काय होईल? समजा महिन्याला 1,000 नवे लोक आले आणि प्रत्येकाने पाच वेळा पान उघडले, तर 5,000 दर्शने झाली. हजार दर्शनांना 60 रुपये मिळतात असे धरले, तर महिन्याचे 300 रुपये होतात. गूगलची जाहिरात सेवा 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. म्हणजे पहिली रक्कम हातात पडायला दोन वर्षांहून अधिक काळ जाईल. दर कमी-जास्त धरून बघा. दुप्पट केला तरी चित्र फारसे पालटत नाही, कारण मूळ उणीव वेळेची आहे. माणूस येतो, मजकूर टाकतो, उचलतो आणि जातो. शिवाय ज्या पानावर लेखकाचे अप्रकाशित हस्तलिखित चिकटवायचे, त्याच पानावर परक्या कंपनीची जाहिरात-स्क्रिप्ट चालते आहे, हे एखाद्या संपादकाच्या लक्षात आले तर तो पुन्हा फिरकणार नाही. उत्पन्न वाढावे म्हणून मित्रमंडळींना जाहिरातींवर क्लिक करायला सांगणे तर सर्वांत घातक. असे क्लिक ओळखले जातात आणि खाते बंद होऊ शकते. जाहिराती शोभतात पंचांगाला, बसच्या वेळापत्रकाला, खेळाच्या धावफलकाला: जिथे पुष्कळ लोक रोज येतात आणि कोणाचेच काम कायमचे संपत नाही.

वर्गणीचा हिशेब वेगळा आहे. त्यात महत्त्वाचा आकडा किती लोक येतात हा नसून किती जण दरमहा सोडून जातात हा असतो. दर महिन्याला निम्मे लोक जात असतील तर गिऱ्हाइकाचा सरासरी मुक्काम दोन महिने होतो. 5 टक्के जात असतील तर वीस महिने. जुना संग्रह रूपांतरित करणारा माणूस काम संपले की जाणारच. महिना 99 रुपये ठेवले आणि तो दोन महिने राहिला, तर 198 रुपये मिळाले. पुष्कळ कंपन्यांची वर्गणी विसराळू गिऱ्हाइकांवरही चालते, हे उघड गुपित आहे. भारतात तो आधारही कमकुवत आहे. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप रक्कम कापण्याच्या निदान 24 तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि त्याला ती थांबवता येते. दर महिन्याला ‘हे खरंच लागतं का?’ असा प्रश्न त्याच्या मोबाइलवर येतो. ज्या साधनाचे उत्तर दरमहा ‘हो’ असेल त्यानेच वर्गणी मागावी: ज्याला सर्व्हरचे भाडे आहे, ज्याची माहिती सतत ताजी ठेवावी लागते किंवा जिथे गिऱ्हाइकाचा डेटा साठवलेला आहे. आपल्या रूपांतरकाला यांतले काहीच लागू नाही.

उरली एकदाची विक्री. हजारातल्या 10 जणांनी 499 रुपये दिले तर 4,990 रुपये होतात. पेमेंट गेटवेने 2 टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी घेतला, तर प्रत्येक विक्रीमागे 12 रुपयांच्या आत खर्च येतो. हेच साधन अँड्रॉइड अ‍ॅप म्हणून विकले तर गूगल प्लेचा वाटा, वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत, 15 टक्के. म्हणजे सुमारे 75 रुपये. क्रोमच्या विस्तारांसाठी तर गूगलची स्वतःची पैसे घेण्याची सोय 2021 मध्येच बंद झाली. तिथे विक्रीची व्यवस्था आपली आपणच करावी लागते. हे काम टेबलावरच्या संगणकावर, वर्डच्या फाइलींवर होते. त्यामुळे स्वतःचे वेब पान हेच त्याचे योग्य दुकान.

पण हे 10 जण पैसे का देतील? असे रूपांतरक फुकट मिळतात, आणि मराठी माणूस सॉफ्टवेअरला पैसे देत नाही, असा आक्षेप इथे येणारच. त्यातला पहिला भाग खरा आहे, म्हणूनच काय विकायचे ते नीट ठरवावे लागते. एक परिच्छेद बदलून देणे ही विकायची वस्तू नव्हे. खरी अडचण दोनशे पानांच्या फाइलीत असते. मध्येच ‘Pune’ असा इंग्रजी शब्द असतो, आणि साधा रूपांतरक त्यालाही कृतिदेव समजून त्याचे वाटोळे करतो. वर्डची `.docx` फाइल म्हणजे मुळात एक झिप फाइल असते. तिच्यातल्या `word/document.xml` मध्ये मजकुराच्या तुकड्यांचा फॉन्ट `w:rFonts` या खुणेत नोंदवता येतो. तिथे नोंद नसेल तर शैलींच्या `word/styles.xml` मध्ये शोधावी लागते. हे वाचून फक्त जुन्या फॉन्टमधले तुकडे बदलले आणि तक्ते, तळटिपा, ठळक अक्षरे जशीच्या तशी ठेवली, की डीटीपी करणाऱ्याचे कित्येक तास वाचतात. तो माणूस खिशातून हौस भागवत नसतो. घेतलेल्या कामाचा खर्च वजा करत असतो. आक्षेपाचा दुसरा भाग इथे लंगडा पडतो. करमणुकीसाठी पैसे न देणारा माणूसही कामाच्या हत्यारासाठी देतो.

फुकट काय ठेवायचे याचा धडा ओव्हरकास्टने आधीच दिला आहे: कुलूप दर्जाला नको, प्रमाणाला हवे. चिकटवलेला मजकूर कोणालाही, पूर्ण अचूक, फुकट बदलता यावा. पूर्ण फाइली मात्र विकत. फुकट रूप चुका करत असेल तर विकत घ्यायची बुद्धी कोणाला होणार? सुरुवातीला अचूकता तपासायची तर ‘र्‍या’, ‘ज्ञ’, ‘त्र्य’ आणि रफार व वेलांटी दोन्ही असलेल्या अक्षरांचा एक परिच्छेद हाताशी ठेवावा. दुरुस्ती करताना एक नियम बदलला की दुसराच बिघडतो. प्रत्येक बदलानंतर तोच परिच्छेद पुन्हा चालवला तर ते लगेच कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकदाच पैसे घेतले तर पुढची दुरुस्ती कोणाच्या पैशांतून करायची? नवे गिऱ्हाईक आटले की उत्पन्न थांबते, जुन्यांचे फोन मात्र थांबत नाहीत. यावर मधला मार्ग आहे, आणि तो आजमावलेला आहे. ‘सब्लाइम टेक्स्ट’ या प्रोग्रॅमरांच्या लेखनसाधनाच्या वैयक्तिक परवान्यात तीन वर्षांच्या सुधारणा मिळतात. नंतर हातातली आवृत्ती कायम चालते, नवी हवी असेल तर पुन्हा पैसे. गिऱ्हाइकाने विकत घेतलेले त्याच्याकडेच राहते आणि निर्मात्यालाही नवे काम करण्याचे कारण उरते. जुन्या फॉन्टांची यादी वाढवणे, पेजमेकरसारख्या जुन्या फाइलींतून मजकूर काढणे, ही अशा पुढच्या आवृत्तीत विकण्याजोगी कामे आहेत.

उत्पन्नाचा नीट विचार न केलेल्या साधनाचे काय होते, हे क्रोमच्या ‘द ग्रेट सस्पेंडर’ने दाखवले. न वापरलेले टॅब झोपवणारा हा विस्तार फुकट होता, वीस लाखांहून अधिक लोकांकडे होता. 2020 मध्ये मूळ निर्मात्याने तो अनोळखी मंडळींना विकला. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यात घातक कोड असल्याचे सांगत गूगलने तो काढून टाकला. अशा विस्ताराला सगळी संकेतस्थळे वाचण्याची परवानगी असेल, तर मालक बदलताच ती परवानगीच विकली जाते. म्हणून विस्तार बनवायचाच तर `activeTab` आणि `scripting` एवढ्याच परवानग्या घ्याव्यात. बटण दाबल्यावर समोरचे पान तेवढे वाचता येते, आणि उद्या मोह झाला तरी विकायला फारसे काही उरत नाही.

विक्री सुरू झाल्यावर दोन गोष्टींवर नजर ठेवली तर निवड चुकली की नाही ते कळते. विकत घेणारे लोक दर आठवड्याला परत येत असतील, तर काम संपणारे नाही आणि वर्गणीचा विचार करायला जागा आहे. फुकट वापरणारे पुष्कळ असूनही फाइल बदलण्याच्या बटणापर्यंत कोणी पोहोचत नसेल, तर किंमत उतरवून उपयोग नाही. ते साधन ज्यांच्याकडे ढीगभर फाइली आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. तिथे 499 चे 199 केले तरी विकत घेणारे तेवढेच राहतील आणि उत्पन्न निम्म्याहून खाली येईल.