आजीपर्यंत आठ सेकंदांत

सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला की घरातल्या एखाद्या नातवावर किंवा नातीवर एक काम हमखास येऊन पडतं. जुने फोटो गोळा करायचे आणि हॉलमधल्या पडद्यावर दाखवायला व्हिडिओ करायचा. फोटो मिळतात, मागे गाणंही लागतं, पण एकामागून एक स्थिर चित्रं येत राहिली की पाचव्या-सहाव्या फोटोला पाहुणे आपापसात बोलू लागतात. लग्नातल्या तीस माणसांच्या गर्दीत आजी नेमकी कुठे बसली आहे, हेच कुणाला कळत नाही. तिथपर्यंत प्रेक्षकाची नजर न्यायची असेल तर चित्र हललं पाहिजे.

युक्ती जुनी आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या 1957 सालच्या लघुपटात क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधातल्या जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा असाच फिरवला होता. पुढे अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांनी 1990 च्या ‘द सिव्हिल वॉर’ मालिकेत ही पद्धत इतकी वापरली की अ‍ॅपलने आपल्या आयमूव्हीमध्ये ती त्यांच्याच नावाने दिली. तेव्हा खराखुरा कॅमेरा छायाचित्रावरून सरकत असे. आज तेच काम कीफ्रेम करते.

हा शब्द कार्टूनवाल्यांकडून आला. स्टुडिओतला मुख्य चित्रकार हालचालीतल्या मोक्याच्या अवस्था काढायचा आणि मधली चित्रं मदतनीस भरायचे. व्हिडिओ एडिटरमध्ये मदतनिसाचं काम संगणक करतो. आपण फक्त सांगायचं की या क्षणी चित्र एवढं आणि इथे, त्या क्षणी तेवढं आणि तिथे.

उदाहरणासाठी ओपनशॉट घेऊ. हा एडिटर फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि नवख्या माणसाला पेलतो. प्रोजेक्ट 1920 बाय 1080 पिक्सेलचा, सेकंदाला 30 फ्रेमचा. फोटो स्कॅन केलेला, 4000 बाय 3000 पिक्सेलचा. तो टाइमलाइनवर टाकला की पूर्ण मावेल असा बसतो. पडदा रुंद आणि फोटो त्या मानाने चौकोनी, म्हणून दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. Properties मध्ये Scale X आणि Scale Y दोन्ही 1.34 केले की फोटो पडदाभर पसरतो. दोन्ही आकडे सारखेच हवेत. एकच बदलला तर आजोबा आडवे फुगतात.

आता प्लेहेड क्लिपच्या अगदी सुरुवातीला आणायचा. Scale X आणि Scale Y वर उजवं क्लिक करून Insert Keyframe निवडायचं. Location X आणि Location Y शून्यावर ठेवून त्यांच्यावरही तेच करायचं. मग प्लेहेड आठव्या सेकंदावर न्यायचा आणि तिथे नवे आकडे भरायचे.

हे आकडे आले कुठून? नवरीच्या वेषातल्या आजीचा चेहरा फोटोच्या मध्यापासून उजवीकडे, फोटोच्या रुंदीच्या 15 टक्के अंतरावर आहे, असं समजू. Scale 2 केला की पडद्यावर फोटो 2880 पिक्सेल रुंद होतो, म्हणजे चेहरा मध्यापासून 432 पिक्सेल दूर जातो. Location X मध्ये 1 म्हणजे पडद्याची पूर्ण रुंदी. 432 ला 1920 ने भागलं की 0.225 येतं. चित्र डावीकडे सरकवायचं असल्याने आकडा उणे 0.225. चेहरा मध्यापेक्षा थोडा खाली असेल तर Location Y उणे 0.1 च्या आसपास. ज्यांना गणित नको त्यांनी प्रीव्ह्यूमध्ये चित्र माउसने ओढून बसवावं. आकडे आपोआप भरले जातात.

पण गणिताचा एक फायदा आहे. फोटो पडद्यापेक्षा 960 पिक्सेल रुंद झालाय, तेव्हा तो प्रत्येक बाजूला 480 पिक्सेलच सरकू शकतो. आपल्याला 432 लागले, म्हणून निभावलं. झूम 1.7 वरच थांबवून आजीला मध्यभागी आणायला गेलं तर उजव्या कडेला काळी पट्टी उघडी पडते. टोकाला बसलेल्या माणसापर्यंत जायचं तर एक तर झूम वाढवावा लागतो, नाहीतर त्याला मध्यभागी आणण्याचा हट्ट सोडावा लागतो. दुसरा पर्याय बहुतेकदा दिसायला चांगला.

झूम वाढवण्यालाही मर्यादा आहे. हा स्कॅन 2.7 पर्यंत स्वच्छ दिसतो, त्यापुढे मऊ पडत जातो. तोच फोटो कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात पाठवला तर त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते आणि पडदाभर पसरवतानाच तो धूसर होऊ लागतो. नातेवाइकांकडून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत, ते यासाठी.

हालचाल सुरू होताना आणि थांबताना धक्का जाणवत असेल तर तीच कीफ्रेम Linear ऐवजी Bezier करून हळू सुरू होणारा आणि हळू थांबणारा वक्र निवडता येतो. इथे एक खोच आहे. Scale ला वक्र दिला आणि Location सरळच राहिलं तर चित्र मोठं होण्याआधीच सरकू लागतं आणि काही फ्रेमपुरती ती काळी पट्टी उजवीकडे चमकून जाते. चारही गुणधर्मांना एकच वक्र हवा.

दुसरा नेहमीचा घोटाळा प्लेहेडचा. तो कीफ्रेमवर नेमका असेल तर Properties मधला रकाना हिरवा दिसतो. दोन कीफ्रेमच्या मध्ये असेल तर निळा. निळ्या रकान्यात आकडा बदलला की जुनी कीफ्रेम सुधारत नाही, शेजारी नवी तयार होते. चित्र जाता जाता अचानक उडी मारत असेल तर अशी एखादी भटकी कीफ्रेम शोधून Remove Keyframe करावी.

मजकुराचं तंत्र हेच, फक्त त्याला थांबावं लागतं. ‘सौ. आणि श्री.’ ही ओळ उजवीकडून आत यावी, वाचता यावी आणि जावी, यासाठी चार कीफ्रेम लागतात. आत येण्याची, पोहोचण्याची, निघण्याची आणि बाहेर गेल्याची. नवखे लोक मधली एकच लावतात, मग ओळ पोहोचताक्षणी परत चालू लागते. पोहोचण्याच्या आणि निघण्याच्या कीफ्रेमचा आकडा एकच ठेवला की मधले तीन-चार सेकंद ओळ जागेवर राहते.

पडद्याच्या पार बाहेरून अर्ध्या सेकंदात ओळ आत आणली तर ती दर फ्रेमला 128 पिक्सेल उडी घेते आणि डोळ्याला तुटक दिसते. त्यापेक्षा Location X 0.1 पासून शून्यावर आणावं आणि त्याच वेळी Alpha शून्यावरून 1 करावा. ओळ उमटत उमटत जागेवर येते. काही साच्यांतले फॉन्ट देवनागरी नीट दाखवत नाहीत, तेव्हा टायटल एडिटरमध्येच मुक्तासारखा फॉन्ट निवडून जोडाक्षरं तपासून घ्यावीत.

हे सगळं जमल्यावर गाणं छोटं निघतं आणि क्लिप सहा सेकंदांवर कापली जाते. आठव्या सेकंदावरची कीफ्रेम मात्र जिथल्या तिथेच राहते, म्हणून झूम आजीच्या अलीकडेच तुटतो. शेवटच्या कीफ्रेम सहाव्या सेकंदावर पुन्हा लावाव्या लागतात. म्हणून आधी गाण्याप्रमाणे लांबी पक्की करावी आणि मगच कीफ्रेमना हात घालावा. प्रीव्ह्यूची खिडकी लहान असल्याने धूसरपणा तिथे कळत नाही. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट करून घरच्या टीव्हीवर पाहिला तर तो लगेच दिसतो.