अंडपेशीला जागं करणारं कॅल्शियम

हाडांमध्ये आणि दातांमध्ये कॅल्शियम किलोच्या हिशेबाने साठवलेलं असतं. पेशीच्या आत मात्र शरीर त्याला जवळजवळ थाराच देत नाही. रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मुक्त कॅल्शियम आयनांचं प्रमाण लिटरमागे एक हजार मायक्रोमोलहून थोडं जास्त असतं, तर स्वस्थ पेशीच्या पेशीद्रवात ते असतं फक्त ०.१ मायक्रोमोलच्या आसपास. ही तफावत सुमारे दहा हजार पटींची आहे. ती टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. पेशीपटलावरचे प्रथिनांचे पंप कॅल्शियम बाहेर फेकत राहतात आणि आतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावरचा ‘सर्का’ नावाचा पंप तेच कॅल्शियम जालिकेच्या पोकळीत भरत राहतो.

एवढा खर्च करण्यामागे एक रासायनिक सक्ती आहे. पेशीचे ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतात, आणि कॅल्शियम व फॉस्फेट जास्त प्रमाणात एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका बसतो. म्हणून कॅल्शियम दूर ठेवणं भाग होतं. पण एकदा पेशीद्रव इतकं रिकामं राहिलं, की त्यात आलेले थोडेसे आयनही ठळकपणे जाणवू लागतात. संदेश देण्यासाठी पेशीने कॅल्शियमचा वापर केला तो याच फायद्यामुळे. या संदेशाचा सर्वांत नाट्यमय प्रसंग फलनाच्या वेळी अंडपेशीत घडतो.

सस्तन प्राण्यांची पक्व अंडपेशी बीजकोशातून बाहेर पडते तेव्हा तिचं अर्धसूत्री विभाजन अर्धवट थांबलेलं असतं. दुसऱ्या विभाजनासाठी गुणसूत्रं मधोमध रांगेत लागलेली असतात, पण पुढचं पाऊल पडत नाही. ‘एमी-२’ नावाचं प्रथिन हा थांबा टिकवून धरतं. शुक्राणू आला नाही तर ही पेशी साधारण दिवसभरात निकामी होते. तो आला, तर काही मिनिटांतच तिच्यातलं कॅल्शियम उसळी घेतं.

ही उसळी डोळ्यांनी पाहता आली ती एका जेलीफिशमुळे. या जेलीफिशमधलं ‘एक्वोरिन’ हे प्रथिन कॅल्शियमच्या संपर्कात आलं की उजेड देतं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी मेडाका या छोट्या माशाच्या अंड्यात एक्वोरिन टोचून नंतर त्याचं फलन घडवलं. शुक्राणू शिरला त्या बाजूला उजेड उमटला आणि त्याची लाट काही मिनिटांत अंड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

हे कॅल्शियम येतं कुठून? पहिल्या उसळीसाठी ते बाहेरून यावं लागत नाही. आंतर्द्रव्यजालिकेचा साठा त्याला पुरेसा असतो. शुक्राणू आपल्यासोबत ‘पीएलसी-झीटा’ नावाचं विकर आणतो. अंडपेशीत शिरल्यावर ते पीआयपी-२ या मेदद्रव्याचा रेणू तोडतं, आणि त्यातून सुटा होतो ‘आयपी-३’ हा पाण्यात विरघळणारा छोटा रेणू. आयपी-३ पेशीद्रवातून जालिकेपर्यंत पोहोचतो आणि तिच्या पटलावरच्या आपल्या ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटतो. हे ग्राही प्रथिन स्वतःच एक आयनमार्ग असतं. तो उघडताच साठवलेलं कॅल्शियम बाहेर पडतं. आयपी-३मुळे आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, हे १९८३मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींवरच्या प्रयोगांतून प्रथम सिद्ध झालं.

या मार्गाचा स्वभाव लक्षात घेतला की पुढचं सगळं उलगडतं. आयपी-३ चिकटलेला असताना थोडं कॅल्शियम वाढलं तर मार्ग आणखी सहज उघडतो, पण कॅल्शियम फार वाढलं तर तो बंद होतो. म्हणून एका ठिकाणी सुटलेलं कॅल्शियम शेजारचे मार्ग उघडत जातं आणि लाट पसरते. मग तेच कॅल्शियम मार्ग मिटवतं, पंप साठा पुन्हा भरू लागतात आणि पातळी खाली येते. आयपी-३ मात्र अजून असतोच, त्यामुळे थोड्या वेळाने पुढची उसळी येते. उंदराच्या अंडपेशीत अशा उसळ्या साधारण दहा-वीस मिनिटांच्या अंतराने येतात आणि काही तास चालू राहतात. प्रत्येक उसळीत थोडं कॅल्शियम पेशीबाहेर निसटतं. ती तूट बाहेरच्या द्रवातून भरून निघाली नाही तर उसळ्या मंदावून थांबतात. ‘थॅप्सिगार्गिन’ हे वनस्पतीजन्य द्रव्य वापरून सर्का पंप बंद पाडला, तरी साठा भरत नाही आणि ही मालिका तुटते.

कॅल्शियमचा आयन स्वतः काही कापत नाही की जोडत नाही. तो ओळखणारं कुणीतरी लागतं. ते काम ‘कॅल्मोड्युलिन’ करतं. १४८ अमिनो आम्लांचं हे लहानसं प्रथिन १९७०मध्ये अमेरिका आणि जपान येथे स्वतंत्रपणे हाती लागलं. कॅल्शियम बांधलेल्या अवस्थेत ते डंबेलसारखं दिसतं: दोन टोकांना दोन गोळे, मध्ये दांडी आणि प्रत्येक गोळ्यात कॅल्शियमसाठी दोन जागा. विश्रांत पेशीत या चार जागा बहुतांशी रिकाम्या असतात. कॅल्शियम एक मायक्रोमोलच्या घरात गेलं की त्या भरू लागतात, गोळ्यांचा आकार बदलतो आणि आत दडलेले, पाण्याला नकोसे वाटणारे भाग उघडे पडतात. मधली दांडी लवचीक असल्याने दोन्ही गोळे एखाद्या लक्ष्य प्रथिनाच्या तुकड्याला दोन बाजूंनी कवेत घेतात आणि त्या प्रथिनाचं वर्तन बदलून जातं.

अंडपेशीत हे लक्ष्य म्हणजे ‘कॅम-कायनेज-२’ हे विकर. त्याचाच एक भाग त्याच्या कार्यस्थळावर आडवा पडून त्याला थोपवून धरतो. कॅल्मोड्युलिन तो भाग बाजूला ओढतं. मोकळं झालेलं विकर एमी-२वर फॉस्फेट चिकटवतं. अशी खूण पटलेल्या एमी-२चा पेशी नाश करते, थांबा उठतो, विभाजन पूर्ण होतं. चेतापेशीत हेच विकर एकदा चेतवलं की कॅल्शियम उतरल्यावरही बराच वेळ सक्रिय राहू शकतं. अंडपेशीत मात्र त्याची सक्रियता प्रत्येक उसळीबरोबर वाढते आणि तिच्याबरोबरच ओसरते. म्हणून एका उसळीने सहसा भागत नाही. पुरेशा उसळ्यांचा परिणाम साचत जावा लागतो. मग उसळ्यांऐवजी कॅल्शियमची पातळी सतत चढी का ठेवली जात नाही? कारण तसं झालं तर तंतुकणिकांमध्ये कॅल्शियमचा अतिभार होऊन पेशी मरणपंथाला लागू शकते.

ही साखळी कुठे तुटली हे वंध्यत्वावरच्या उपचारांत कधीकधी स्पष्ट दिसतं. इक्सी पद्धतीत एक शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडला जातो, तरीही काही जोडप्यांमध्ये फलन होत नाही. शुक्राणूत पीएलसी-झीटा नसेल किंवा जनुकातल्या दोषामुळे ते निकामी असेल, तर शुक्राणू आत असूनही अंडपेशी थांब्यावरच राहते. कॅल्शियमनुसार चमक बदलणारं रंगद्रव्य वापरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं तर अशा शुक्राणूने एकही उसळी उठत नाही, किंवा उठल्याच तर तुरळक. अशा वेळी अंडपेशी थोडा वेळ ‘कॅल्शियम आयनोफोर’च्या द्रावणात ठेवतात. हे द्रव्य पटलातून कॅल्शियम आरपार नेतं. त्यातून नैसर्गिक मालिकेऐवजी बहुधा एखादी मोठी, लांब उसळी मिळते. तरी अनेकदा तेवढ्यानेही कॅम-कायनेज पुरेसं चेतवलं जातं आणि फलन साधतं. दोष अंडपेशीत आणि कॅल्शियमच्या पुढच्या टप्प्यावर असेल, उदाहरणार्थ विभाजनाचा थांबा उठवायला लागणाऱ्या ‘वी-२’ या विकराच्या जनुकात, तर कॅल्शियम वाढवूनही काही साधत नाही. तिथे आयनोफोर निष्फळ ठरतो.