वेळेवर माल निघाला, पण पोहोचला का?

मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. एका कारखान्याचे दहा-बारा निर्देशक दिलेले असतात आणि बॅलन्स्ड स्कोअरकार्डच्या चार रकान्यांपैकी कोणता निर्देशक कुठे बसतो ते सांगायचे असते. जर्मनीत आणि त्या वळणाच्या कंपन्यांत या कामाला ‘कंट्रोलिंग’ म्हणतात. सॅप वापरणाऱ्यांना त्या नावाचा विभाग ओळखीचा असेल. प्रश्न पाच मिनिटांचा वाटतो. पण मार्क जातात ते इथेच, आणि जी चूक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत करतो तीच चूक साहेब महिन्याच्या मीटिंगमध्ये करतात.

रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी ही पद्धत 1992 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये मांडली. त्यांचे म्हणणे साधे होते. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक झालेल्या गोष्टी सांगतात; पुढच्या वर्षीचा नफा कुठून येणार, हे त्यात दिसत नाही. म्हणून पैशाच्या आकड्यांसोबत आणखी तीन बाजू मोजा. ग्राहकाला आपण कसे दिसतो? घरातली कोणती कामे आपल्याला उत्तम जमली पाहिजेत? आणि ती जमावीत म्हणून माणसे, माहिती आणि कौशल्य यांची तयारी किती आहे? वित्त, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया आणि शिक्षण व वाढ असे हे चार रकाने झाले.

आता एक प्रश्न सोडवून पाहू. समजा, शेतीपंप बनवणारा मध्यम आकाराचा एक कारखाना आहे आणि तो विक्रेत्यांमार्फत माल विकतो. काही निर्देशक जागच्या जागी बसतात. गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा वित्ताचा. गेल्या वर्षीच्या 80 विक्रेत्यांपैकी 68 जणांनी यंदा पुन्हा माल घेतला, म्हणजे 85 टक्के विक्रेते टिकले. हा ग्राहकाच्या रकान्यातला. 500 पंपांपैकी 460 पहिल्याच चाचणीत पास झाले, म्हणजे 92 टक्के, ही प्रक्रिया. वर्षात सरासरी 150 कामगारांपैकी 12 जण सोडून गेले, म्हणजे 8 टक्के. हा शिक्षण व वाढीचा.

गडबड होते ती ‘वेळेवर पुरवठा’ या निर्देशकात. या कारखान्याने 200 ऑर्डरी घेतल्या. त्यांपैकी 192 ऑर्डरींचा माल ठरल्या तारखेला गेटबाहेर पडला, म्हणजे 96 टक्के. पण विक्रेत्याच्या दुकानात कबूल केलेल्या दिवशी पोहोचल्या 162 ऑर्डरी, म्हणजे 81 टक्के. दोन्ही आकड्यांवर नाव एकच आहे, ‘वेळेवर पुरवठा’. पहिला आकडा कारखान्याच्या घड्याळावरचा आहे, म्हणून तो प्रक्रियेचा. दुसरा विक्रेत्याच्या घड्याळावरचा, म्हणून तो ग्राहकाचा. कॅप्लन-नॉर्टन यांच्या पहिल्याच लेखात सेमीकंडक्टर बनवणाऱ्या एका कंपनीचे उदाहरण आहे. तिथे ‘वेळेवर पुरवठा’ ग्राहकाच्या रकान्यात आहे आणि ‘वेळेवर’ म्हणजे काय ते ग्राहकाने ठरवायचे, असेही त्यासोबत नमूद केले आहे. आपल्या कारखान्यात या दोन आकड्यांमधल्या 30 ऑर्डरी वाटेत रखडल्या. डिस्पॅचवाला आपले 96 टक्के दाखवून मोकळा होतो, आणि विक्रेता दुसऱ्या कंपनीचा पंप ठेवू लागतो.

दुसरा सापळा रुपयांचा. ‘एका पंपाचा उत्पादनखर्च’ दिसला की हात आपोआप वित्ताकडे जातो, कारण एकक रुपये असते. पण त्याच सेमीकंडक्टर कंपनीच्या स्कोअरकार्डात एका नगाचा खर्च अंतर्गत प्रक्रियेत आहे, कारण तिथे तो काम किती सफाईने होते ते दाखवतो. तसेच ‘दर कामगारामागे प्रशिक्षणावर केलेला खर्च’ रुपयांत असला तरी तो शिक्षण व वाढीचाच. उलट ‘समाधान पाहणी’ म्हटले की मुले ग्राहक लिहितात. पाहणी कामगारांची असेल तर ती शेवटच्या रकान्यात जाते. मोजण्याचे एकक किंवा साधन पाहून रकाना ठरत नाही. तो आकडा कोणत्या उद्दिष्टाची साक्ष देतो, हे पाहावे लागते.

बाजारातल्या वाट्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. 1992 च्या त्या लेखात तो वित्ताखाली येतो, कारण कंपनीचे उद्दिष्ट ‘भरभराट’ असे होते. याच लेखकांच्या 1996 च्या पुस्तकात तो ग्राहकाच्या मुख्य निर्देशकांत आहे. म्हणून अशा निर्देशकाला परीक्षेत नुसता रकाना लिहून थांबू नये. ‘निवडलेल्या ग्राहकगटात आपल्याला किती पसंती आहे ते हा दाखवतो, म्हणून ग्राहक’ असे एक वाक्य जोडावे. सध्याची पाठ्यपुस्तकेही बहुधा हेच उत्तर देतात.

प्रश्नाचा दुसरा भाग असतो तो निर्देशकांची साखळी लावण्याचा. आपल्या कारखान्यात ती खालून वर अशी लागते. दोन मशीनवर डाय बदलता येणाऱ्या कामगारांचे प्रमाण 30 वरून 60 टक्क्यांवर न्यायचे. मग सेटिंगला लागणारा वेळ 90 मिनिटांवरून 50 वर यावा. सेटिंग लवकर झाले की छोट्या बॅच परवडतात, हवे ते मॉडेल हव्या त्या आठवड्यात निघते आणि दुकानात वेळेवर पोहोचण्याचे प्रमाण 81 च्या वर सरकते. त्यातून विक्रेते टिकतात. पडून राहणारा साठा कमी होतो, आणि भांडवलावरचा परतावा वाढतो. चार रकान्यांचा खरा उपयोग या बाणांत आहे. प्रत्येक बाण म्हणजे व्यवस्थापनाने लावलेला एक अंदाज असतो.

अंदाज चुकला हे कळते कसे? खालचा आकडा हलतो आणि वरचा जागचा हलत नाही. प्रशिक्षित कामगार 60 टक्के झाले, दोन तिमाही गेल्या, तरी सेटिंग 85 मिनिटांवरच आहे, असे दिसले तर शॉपवर उभे राहून पाहावे. कदाचित डाय दूरच्या शेडमध्ये असतील आणि निम्मा वेळ त्या आणण्यातच जात असेल. अडचण कौशल्याची नव्हतीच. अशा वेळी प्रशिक्षणाचे तास आणखी वाढवले तर स्कोअरकार्ड हिरवे दिसेल आणि कारखाना तिथेच राहील. म्हणूनच ‘प्रशिक्षणाचे तास’ हा कच्चा निर्देशक मानतात. त्यातून खर्च झालेला वेळ कळतो, आलेले कौशल्य कळत नाही.

साखळीच्या वरच्या टोकालाही भेग असू शकते. डॅनिश अभ्यासक हान्ने नॉर्रेक्लिट यांनी 2000 साली नेमका हाच आक्षेप घेतला: समाधानी, टिकाऊ ग्राहक म्हणजे नफा, असे गृहीत धरता येत नाही. आपल्याच कारखान्याचे घ्या. 68 विक्रेते टिकले, पण त्यांतले काही केवळ सहा महिन्यांच्या उधारीसाठी टिकले असतील, तर 85 टक्के हा आकडा खूश करील आणि रोकड मात्र अडकून पडेल. म्हणून विक्रेते टिकण्याच्या आकड्याशेजारी ‘विक्रेत्यागणिक नफा’ हाही निर्देशक ठेवावा, आणि त्या नफ्यातून उधारीवरचे व्याज वजा केले आहे ना, हे आधी तपासावे.