अंगठा म्हणजे ऑर्डर नव्हे

स्वतः छापलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्रुपवर पडलं की तासाभरात अभिनंदन, फुलांचे गुच्छ आणि अंगठे यांची रांग लागते. ‘माझ्या दोन प्रती नक्की’ असंही चार-पाच जण लिहितात. लेखक मनातल्या मनात हिशेब मांडतो आणि तिथेच फसतो. थेट विक्रीत ऑर्डर तेव्हाच पक्की होते, जेव्हा एका वाचकाच्या नावापुढे तीन गोष्टी जुळतात: पूर्ण पत्ता, बँकेत जमा झालेली रक्कम आणि पोस्टाचा क्रमांक. बाकी सगळं कौतुक. ते हवंच, पण त्याची नोंद वहीत करायची नसते.

एक उदाहरण घेऊन या तीन गोष्टींचा माग काढू. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने जात्यावरच्या ओव्या जमवून त्यांचं २०८ पानांचं डेमी आकाराचं पुस्तक काढलं. ५०० प्रती, छपाई प्रतीमागे ११० रुपये, छापील किंमत ३५०. वितरकाकडे द्यायचं तर त्याला निम्म्याच्या आसपास सवलत लागेल, म्हणजे हाती १७५ येतील, छपाई वजा जाता ६५ उरतील आणि तेही पुस्तकं खपल्यावर, मागणी करून करून. त्याऐवजी बाईंनी प्रकाशनपूर्व सवलतीत, टपालखर्चासह २८० रुपयांना थेट विकायचं ठरवलं. टपाल साधारण २४ आणि बांधणीचं सामान १४ धरलं तरी १३२ रुपये राहतात, आणि पैसे आधी येतात. मात्र वितरक जे काम करतो ते आता बाईंच्या जेवणाच्या टेबलावर होणार आहे.

पहिलं काम म्हणजे निरोप लिहिणं. हा निरोप आपल्या ग्रुपपुरता राहणार नाही, तो पुढे ढकलला जाणार, हे धरूनच तो लिहावा. आपण ज्याला ओळखत नाही अशा माणसाला तो मिळाला तरी त्याला कुणाला काही विचारावं लागू नये. पुस्तक कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत, पानं, टपालासह किंमत, ऑर्डर कुठे द्यायची आणि सवलत कोणत्या तारखेपर्यंत, एवढं पुरे. तारीख तर हवीच हवी. पुढे ढकललेले निरोप महिनोन् महिने फिरत राहतात आणि दिवाळीत टाकलेल्या सवलतीची मागणी कुणीतरी आषाढात करतं. किंमत आणि तारीख मुखपृष्ठाच्या चित्रावरही लिहावी, कारण काही जण फक्त चित्रच पुढे पाठवतात. सोबत आतल्या दोन पानांचे फोटो द्यावेत. अख्खी पीडीएफ देऊ नये, ती विकली जाणाऱ्या पुस्तकाच्याही पुढे धावते.

ऑर्डर ग्रुपवर घेऊ नये. तिथे पत्ते आणि मोबाइल नंबर सगळ्यांसमोर येतात, आणि पुढच्या शंभर शुभेच्छांखाली ते गाडलेही जातात. निरोपाच्या शेवटी एक दुवा द्यायचा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

फुल्यांच्या जागी आपला दहा आकडी नंबर टाकला की दुव्यावर बोट ठेवणाऱ्याची थेट आपल्याशी खासगी चॅट उघडते, त्याच्याकडे आपला नंबर साठवलेला नसला तरी. एका ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं असतात, पण तिथे एकदा जाहीर करावं, सवलत संपायच्या आधी एकदा आठवण द्यावी आणि त्याआधी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला विचारावं. ब्रॉडकास्ट यादीचं गणित वेगळं आहे. तीत २५६ नावं बसतात, पण ज्यांनी आपला नंबर साठवलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. इतरांना तो मिळतच नाही आणि आपल्याला वाटतं, लोक उत्तर देत नाहीत.

आता पत्ता. ‘माझा पत्ता तर तुम्हाला माहीत आहे’ किंवा ‘देशपांडे, कोथरूड’ अशी उत्तरं येणारच. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये झटपट उत्तराची सोय वापरून एक साचा तयार ठेवावा: पूर्ण नाव, घर किंवा फ्लॅट क्रमांक, इमारत, रस्ता, खूण, गाव, तालुका-जिल्हा, पिनकोड, मोबाइल, किती प्रती. पिनकोडवर खास नजर ठेवावी. महाराष्ट्रातले पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, गोव्यातले ४०३ ने. कोल्हापूरच्या पत्त्याखाली ५ ने सुरू होणारा पिन दिसला, तर चूक तिथेच पकडता येते. परदेशातल्या वाचकांचा बहुधा पुण्या-मुंबईत आईचा किंवा भावाचा पत्ता असतो. तिथे पैसे देणारा एक आणि पुस्तक घेणारा दुसरा, म्हणून दोघांचे नंबर लिहून घ्यावेत.

खरी गुंतागुंत पैशांची. यूपीआयवर रक्कम क्षणात येते, पण ती कुणाची हे कळत नाही. ऑर्डर सुनंदाताईंची असते आणि खात्यात नाव दिसतं त्यांच्या जावयाचं. एकाच दुपारी २८० रुपये सहा वेळा येतात. यावर उपाय दोन. एक, प्रतींनुसार रकमा अशा ठेवायच्या की रकमेवरून प्रती ओळखता याव्यात: एक प्रत २८०, दोन ५४०, तीन ८००. दुसरा, प्रत्येकाकडून व्यवहाराच्या बारा आकडी यूटीआर क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागायचे आणि बँकेच्या नोंदीशी ते ताडून पाहायचे. या सगळ्यासाठी पुस्तकाचं बचत खातं वेगळं ठेवलं, तर पेन्शन आणि विजेच्या बिलांच्या गर्दीत या रकमा शोधाव्या लागत नाहीत.

स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे. तो जुना असू शकतो, दुसऱ्याचा असू शकतो, बनवलेलाही असू शकतो. बँकेचं अ‍ॅप उघडून रक्कम जमा दिसली, तरच ‘पैसे मिळाले’ लिहायचं. ‘चुकून २८०० पाठवले, बाकीचे परत करा’ असा घाईचा फोन आला, तर मोबाइलवर आलेल्या एसएमएसवर भरवसा ठेवू नये, तोही खोटा असतो. आधी खातं पाहायचं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही पक्कं ध्यानात ठेवावं. क्यूआर कोड द्यायचा तर सोबत यूपीआय आयडीही लिहावा, कारण ज्या फोनवर कोड आलाय त्याच फोनने तो कॅमेऱ्यापुढे धरता येत नाही. चित्र गॅलरीतून उघडायला लागतं आणि ज्येष्ठ वाचक तिथेच अडतात.

हे सगळं एकाच तक्त्यात उतरलं पाहिजे, मग तो संगणकावर असो वा लांब वहीत. अनुक्रमांक, नाव, पत्ता, पिन, मोबाइल, प्रती, रक्कम, यूटीआरचे आकडे, पैसे आल्याची तारीख, पोस्टाचा क्रमांक, पोचल्याची खूण. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची ‘पैसे बाकी’, ‘पाठवलं’ अशी लेबलं सोयीची आहेत, पण फोन बिघडला की ती गेली. तक्ता मात्र राहतो.

बांधणी सुरू करण्याआधी पुस्तक वजनकाट्यावर ठेवावं. बाईंचं पुस्तक ७० जीएसएम कागदावर साधारण २४० ग्रॅम भरतं, प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठे आणि वरचं पाकीट मिळून २८५. पोस्टाच्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर लागतो. हेच पुस्तक ८० जीएसएमवर छापलं असतं, तर पुडकं ३०० च्या वर जाऊन पुढच्या दराच्या टप्प्यात गेलं असतं. म्हणजे टपालाचा खर्च थोडाफार छापखान्यातच ठरतो. ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ती शैक्षणिक तसंच सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, पुडक्याचा माग काढता येतो आणि पाच किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये अधिक कर पडतो. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि आत जाहिराती चालत नाहीत. पुडकी जमिनीवरून जात असल्याने वेळ लागतो, हे वाचकाला आधीच सांगावं. ज्याला घाई आहे त्याच्याकडून स्पीड पोस्टचा फरक घ्यावा. जुन्या सवयीने ‘रजिस्टर करा’ म्हणणाऱ्यांसाठी: २०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय.

पुस्तकाचे कोपरे आधी मार खातात. म्हणून दोन्ही बाजूंचे पन्हाळी पुठ्ठे पुस्तकापेक्षा बोटभर मोठे कापावेत आणि पुस्तक मधोमध बसवावं. पावसाळ्यात आतली प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीने बंद करावी. पत्त्यावर पारदर्शक पट्टी लावली की शाई फुटत नाही. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवावी, वरचं लेबल निघालं तर तीच उपयोगी पडते. परराज्यात जाणाऱ्या पुडक्यावर गाव आणि राज्य इंग्रजीतही लिहावं.

पोस्टात जाताना पुडकी तक्त्याच्याच क्रमाने पिशवीत भरावीत. खिडकीवर नोंद त्याच क्रमाने झाली, तर पावत्यांवरचे क्रमांक सरळ तक्त्यात उतरवता येतात. हा क्रम विस्कटला की वाईच्या वाचकाला वसईचा क्रमांक जातो आणि दोघांचेही फोन येतात. पोस्ट खात्याचा क्रमांक दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN असा तेरा खुणांचा असतो. तो त्याच संध्याकाळी प्रत्येकाला पाठवावा.

पाठपुरावा म्हणजे मोजके निरोप: पैसे मिळाले, पुस्तक निघालं, पोचलं का? दहा-बारा दिवसांनी ज्यांच्यापुढे पोचल्याची खूण नाही, त्यांचे क्रमांक पोस्टाच्या संकेतस्थळावर पाहावेत. तिथे ‘पोचलं’ दिसतंय आणि वाचक ‘नाही’ म्हणतोय, तर पुस्तक बहुतेक वेळा सोसायटीच्या पहारेकऱ्याकडे किंवा शेजारी असतं. घर बंद असल्याने परत आलेलं पुडकं पुन्हा पाठवायचा खर्च कोणाचा, हे आधीच ठरवून निरोपात लिहावं. कोपरा फाटला असेल तर फोटो मागवावा आणि वाद न घालता दुसरी प्रत द्यावी. त्यासाठी दहा-पंधरा प्रती सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवाव्यात. ‘दोन प्रती नक्की’ लिहून गप्प बसलेल्यांना एकच आठवण द्यावी आणि नाव तक्त्यातून काढावं.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही एक डोकेदुखी वाचते. नफा मात्र उत्पन्नात दाखवावा लागतो.

या पद्धतीला एक कुंपण आहे: ती आपल्या ओळखीच्या वर्तुळाइतकीच लांब जाते. माजी विद्यार्थी, नातेवाईक, महिला मंडळ, गावकरी यांच्या ऑर्डरी संपल्या की ओघ आटतो. तो आटला की नाही हेही तक्ताच सांगतो. नवीन ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाला ‘पुस्तकाबद्दल कुठे कळलं?’ एवढं विचारून उत्तर शेवटच्या रकान्यात लिहावं. ‘मैत्रिणीने वाचायला दिलं होतं’ अशी उत्तरं वाढत असतील, तर पुस्तक वर्तुळाबाहेर निघालंय आणि दुसऱ्या आवृत्तीचा विचार करायला हरकत नाही. सगळी उत्तरं ‘तुमच्याच निरोपातून’ अशी असतील, तर उरलेल्या प्रती दोन-चार पुस्तकांच्या दुकानांत ठेवाव्यात आणि छापखान्याला फोन करू नये.